अ‍ॅडमिन एक, नियम चार

डिस्कॉर्डवर सर्व्हर काढायला पाच मिनिटं पुरतात आणि खिशाला झळ लागत नाही. कॉलेज संपून पांगलेले मित्र रात्री एकत्र खेळायचे म्हणजे हा अड्डा हवाच: लिहून बोलायला एक-दोन टेक्स्ट चॅनेल, खेळताना कानात हेडफोन घालून बोलायला एक-दोन व्हॉइस चॅनेल, आणि शेजारी कोण ऑनलाइन आहे त्याची यादी. पंधरा-वीस जण जमले की मात्र कुणीतरी सांभाळायला लागतं. सर्व्हर ज्याने काढला तो आपोआप त्याचा मालक होतो, आणि पहिल्याच उत्साहात चार जिवलगांना अ‍ॅडमिन करून मोकळा होतो. पुढच्या कटकटींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

डिस्कॉर्डमध्ये अधिकार थेट माणसाला मिळत नाहीत, रोलला मिळतात. आधी रोल बनवायचा, त्याला परवानग्या जोडायच्या, मग तो रोल हव्या त्या माणसाला द्यायचा. प्रत्येकाकडे `@everyone` हा रोल आपसूक असतोच. एकाच माणसाकडे तीन रोल असले तर तिन्हींच्या परवानग्यांची बेरीज होते, वजाबाकी होत नाही. म्हणजे एखादी गोष्ट `@everyone` ला दिलेली असेल, तर दुसऱ्या रोलमध्ये ती बंद ठेवून उपयोग नाही. म्हणून मूळ रोल कंजूषपणे भरायचा आणि जास्तीचं वरून वाढायचं. सगळ्यांच्या फोनची घंटा एकदम वाजवणारा `@everyone` चा उल्लेख कोण करू शकतो, हे पहिल्या दिवशीच बघून घ्या. रात्री दोन वाजता कुणीतरी मीम टाकून वीस जणांना उठवतोच.

परवानग्यांच्या यादीत `Administrator` नावाचं एक बटण आहे. ते चालू केलं की बाकीची यादी बघायची गरजच उरत नाही, कारण सगळं मिळतं, आणि एखाद्या चॅनेलवर घातलेली बंधनंही त्या माणसाला लागू होत नाहीत. त्याला चॅनेल उडवता येतं, आणि उडवलेलं चॅनेल आतल्या सगळ्या गप्पांसकट कायमचं जातं. मित्र विश्वासू आहे हे खरं, पण त्याचा पासवर्डही तेवढाच विश्वासू असेल असं नाही. ‘फुकट नायट्रो घ्या’ असल्या लिंकवर क्लिक करून अकाउंट गमावणारे चांगले शिकलेले लोक असतात. त्यातला एक जण अ‍ॅडमिन निघाला तर चोराच्या हाती सगळ्या किल्ल्या जातात. तेव्हा हे बटण मालकाकडेच राहू द्यावं, आणि मॉडरेटरांसाठी दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू करावी.

मॉडरेटरला काय द्यायचं मग? मेसेज काढता येणं, व्हॉइस चॅनेलमध्ये कुणाला म्यूट करता येणं किंवा दुसऱ्या चॅनेलमध्ये हलवता येणं, आणि टाइमआउट देता येणं. मित्रांच्या सर्व्हरला एवढं पुरतं. हाकलणं आणि बॅन करणं मालकाने स्वतःकडे ठेवावं. रोलच्या यादीत वर-खाली असा क्रमही असतो, आणि मॉडरेटरची कारवाई फक्त आपल्याखालच्या रोलवर चालते. दोन मॉडरेटर एकाच रोलवर असले तर ते एकमेकांना हाकलू शकत नाहीत. ही चांगलीच गोष्ट आहे. मॉडरेटर दोन असावेत, आणि जमल्यास दुसरा असा निवडावा जो रोज त्याच टीममध्ये खेळत नाही. त्याचं कारण पुढे येतंच.

नियमांचं सांगायचं तर ‘सर्वांशी आदराने वागा’ हा नियम लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. हेडशॉट चुकला म्हणून ‘अरे भंगार, डोळे कुठे ठेवलेस’ हे मित्रांमध्ये अनादर आहे की प्रेम, हे कोण ठरवणार? नियम असा हवा की मेसेजकडे बोट दाखवून ‘हा मोडला’ किंवा ‘नाही मोडला’ एवढं सांगता आलं पाहिजे. असे चार पुरतात, आणि ते फक्त मॉडरेटरना लिहिता येईल अशा चॅनेलमध्ये पिन करून ठेवता येतात:

```
१. खेळावर काहीही बोला. आई-बाप, जात, धर्म,
   दिसणं यावर एक शब्द नाही.
२. मॅच अर्धवट सोडावी लागली तर जमेल तेव्हा
   कारण टाका. कारण येईपर्यंत शिव्या नाहीत.
३. कुणाचा फोटो, नंबर, खासगी चॅट त्याला
   न विचारता इथे टाकायचं नाही.
४. मॉडने ‘थांबा’ म्हटलं की थांबा. तक्रार
   त्यालाच वैयक्तिक मेसेजवर करा.
```

दुसरा नियम वाचून बाहेरच्या माणसाला हसू येईल. पण व्हॅलोरंट खेळणाऱ्याला विचारा. हा पाच विरुद्ध पाचचा खेळ, १३ फेऱ्या आधी जिंकेल तो जिंकला. मध्येच एक जण गेला की उरलेल्या चौघांना पाच जणांशी लढावं लागतं आणि हरले तर रँकचे गुण जातात. मॅच संपल्यावरही प्रश्न सुटत नाही, कारण रँकवाल्या सामन्यात एकट्याने, दोघांनी, तिघांनी किंवा पाच जणांनी जाता येतं, चौघांच्या गटाला प्रवेशच नसतो. म्हणजे पाचातला एक उठून गेला की पुढची मॅचही अडली. सर्व्हरवरच्या निम्म्या भांडणांची सुरुवात या एका रिकाम्या खुर्चीपासून होते.

एक प्रसंग धरून चालू. शनिवारची रात्र, गुण ९-९, आणि नाशिकवाला एकदम गायब. आधीच्याच फेरीत पुणेकराने त्याला व्हॉइसवर झाडलेलं, त्यामुळे सगळ्यांचा समज एकच: राग येऊन गेला. मॅच गेली. पुणेकर `#general` मध्ये लिहितो, ‘हरायला लागलं की पळायचं.’ दहा मिनिटांनी नाशिकवाला फोनवरून उगवतो, ‘तोंड सांभाळून बोल.’ मग ज्याचा याच्याशी काही संबंध नाही असा तिसरा मध्ये पडतो आणि नाशिकवाल्याच्या वडिलांवर एक ओळ टाकतो. मिनिटभरात चाळीस मेसेज.

मॉडरेटर क्रमांक एक त्याच मॅचमध्ये होता. त्याचेही गुण गेलेत, तोही चिडलाय. त्याने या वेळी काहीही निर्णय दिला तरी तो टीमच्या बाजूचाच दिसणार. म्हणून त्याचं काम एकच: दुसऱ्या मॉडरेटरला मेसेज करणं, ‘मी यात आहे, तू बघ.’ दुसरा म्युनिकला नोकरी करतो. आपल्याकडे मध्यरात्र उलटते तेव्हा त्याच्याकडे संध्याकाळ असते, डोकं थंड असतं.

तो आधी चॅनेलला स्लोमोड लावतो, तीस सेकंदांचा. आता प्रत्येकाला दोन मेसेजमध्ये अर्धा मिनिट थांबावं लागतं. स्लोमोड पाच सेकंदांपासून सहा तासांपर्यंत लावता येतो, पण तीस सेकंदांत खूप काम होतं: चाळीस मेसेजचे चार होतात आणि कुणाचंही तोंड बंद केलं असं होत नाही. मग तो वडिलांवरच्या ओळीचा स्क्रीनशॉट घेतो आणि तेवढा एकच मेसेज काढतो. स्क्रीनशॉट आधी, कारण काढलेल्या मेसेजचा मजकूर डिस्कॉर्ड कुठेच दाखवत नाही. मॉडरेटरांच्या कारवायांची नोंद ठेवणारा ऑडिट लॉग आहे, तो ४५ दिवस राहतो, पण त्यात कुणी कुणाचा मेसेज काढला एवढंच कळतं, काय लिहिलं होतं ते नाही. आणि एकच मेसेज, कारण बाकीचे नियमात बसतात. पाच-सहा मेसेज घाऊक काढले की वाद तिथून हलतो आणि ‘माझा काढलास, त्याचा का ठेवलास’ यावर सुरू होतो.

तिसऱ्याला दहा मिनिटांचा टाइमआउट. त्या काळात त्याला वाचता येतं, पण लिहिता, प्रतिक्रिया देता किंवा व्हॉइसमध्ये बोलता येत नाही. हा टाइमआउट आपोआप सुटतो, आणि त्याचं मोल म्यूट केल्यावर कळतं. व्हॉइसमधला सर्व्हर म्यूट कुणीतरी काढेपर्यंत तसाच राहतो. मॉडरेटर झोपला की बिचारा दुसऱ्या दिवशीही मुका, आणि मग ‘मुद्दाम ठेवलं’ हा नवा आरोप. टाइमआउट एका मिनिटापासून आठवड्यापर्यंत निवडता येतो. पहिल्या वेळी दहा मिनिटांच्या वर जाऊ नये.

चॅनेलमध्ये म्युनिकवाला लिहितो ते एवढंच: ‘घरच्यांवरचा एक मेसेज काढलाय, नियम १. स्लोमोड अर्ध्या तासाने काढतो. मॅचचं उद्या बोलू.’ कुणाचं नाव नाही, कुणाला उपदेश नाही. चारचौघांत समजावायला गेलं की ज्याला समजावतोय त्याला माघार घेता येत नाही, कारण बघायला पंधरा जण बसलेले असतात. खरं बोलणं वैयक्तिक मेसेजवर होतं. तिसऱ्याला तो विचारतो, ‘भावा, मॅचमध्ये तू नव्हतास, मग वडील कुठून आले?’ नाशिकवाल्याला विचारतो, ‘काय झालं होतं?’ उत्तर येतं: लाइट गेली. वायफाय बंद, फोनची बॅटरी सहा टक्के.

पुणेकराने नियम मोडला होता का? हो, दुसरा. कारण येण्याआधी त्याने शेरा मारला. नाशिकवाल्यानेही परत आल्यावर कारण टाकण्याऐवजी दम दिला, म्हणजे त्याचाही तोच नियम मोडला. टाइमआउट दोघांपैकी कुणालाच नाही, कारण शिक्षा देऊन इथे काही मिळत नाही. दुसऱ्या दिवशी मॉडरेटर दोघांना सारखाच मेसेज पाठवतो, शब्दही तेच, म्हणजे स्क्रीनशॉट एकमेकांना दाखवले तरी फरक निघणार नाही. त्यानंतर चॅनेलमध्ये ‘लाइट गेली होती’ हे नाशिकवाल्याने स्वतः लिहावं. मॉडरेटरने त्याची वकिली केली तर पुणेकराला ती हार वाटते.

हाकलणं आणि बॅन यांतला फरकही समजून घ्यावा. हाकललेला माणूस निमंत्रणाची लिंक मिळाली की परत येतो. बॅन केलेल्याचं अकाउंट आणि त्याचा आयपी पत्ताही अडवला जातो, त्यामुळे एकाच घरातल्या वायफायवर खेळणारे दोघे भाऊ एकाच्या पापात दोघेही अडकू शकतात. बॅन ठेवावा तो अनोळखी लोकांसाठी: लिंक कुठेतरी पसरली आणि रात्रीत घाणेरडी चित्रं टाकणारे घुसले, तेव्हा. त्याहून बरं म्हणजे निमंत्रणाची लिंक ठरावीक दिवसांत आणि ठरावीक माणसांनंतर बाद होईल अशी बनवणं. ती सोय लिंक बनवतानाच समोर येते, फक्त कुणी उघडून बघत नाही.

आणि एकाच मित्राला दर आठवड्याला टाइमआउट द्यावा लागत असेल तर तो प्रश्न डिस्कॉर्डच्या सेटिंगमध्ये सुटणारा नाही. त्याला फोन करा, आणि फोन मॉडरेटरने नाही, त्याच्या सर्वांत जवळच्या मित्राने करावा.