नफा वाढला, की गाडीभाड्याने जागा बदलली?

हार्डवेअरच्या एका दुकानाचं उदाहरण घेऊ. मालकाने दोन वर्षांच्या नफा-तोटा पत्रकांचे मोबाइलवर फोटो काढले आहेत. २०२२-२३ मध्ये विक्री ५० लाख आणि ढोबळ नफा ९ लाख, म्हणजे विक्रीच्या १८ टक्के. २०२३-२४ मध्ये विक्री ५६ लाख आणि ढोबळ नफा ११ लाख, म्हणजे साडेएकोणीस टक्क्यांहून थोडा जास्त. मालक खूश आहे. पण मधल्या काळात हिशेब लिहिणारा माणूस बदलला आहे.

फोटोतले आकडे वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवताना पहिला नियम असा, की शीर्षक जसं छापलं आहे तसंच लिहायचं. सुधारायचं नाही, दोन शीर्षकं एकत्र करायची नाहीत. पुढच्या रकान्यात आपण ठरवलेला प्रमाणित गट लिहायचा. गट नव्याने शोधायची गरज नसते. कंपनी कायदा, २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीत खर्चाचे गट दिलेले आहेत: मालाची खरेदी, साठ्यातला फरक, कर्मचाऱ्यांवरचा खर्च, वित्तीय खर्च, घसारा आणि इतर खर्च. एकट्या मालकाच्या दुकानाला हा साचा बंधनकारक नाही, पण तुलनेसाठी तो उत्तम चालतो.

गट लावण्याआधी आकडे नीट वाचले गेलेत ना, हे तपासावं लागतं. घडी पडलेल्या कागदावर ८ चा ३ दिसतो. दुकानभाडं १,८०,००० ऐवजी १,३०,००० उतरलं, तर आपली बेरीज छापील बेरजेपेक्षा बरोबर ५०,००० ने कमी येते. पगाराचे २,७०,००० हे २,०७,००० असे लिहिले गेले, तर फरक ६३,००० चा पडतो. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो, ही हिशेबनिसांची जुनी खूण. आणखी एक पडताळा म्हणजे गेल्या वर्षाचा अखेरचा साठा हाच यंदाचा आरंभीचा साठा असायला हवा. आपल्या दुकानात दोन्हीकडे १० लाख आहेत. हा धागा जुळला नाही, तर पुढे जाऊ नये.

आता गट लावू. खरी अडचण इथे येते, कारण शीर्षकाच्या नावावरून गट ठरत नाही. 'कमिशन' डाव्या बाजूला असेल तर दिलेलं, म्हणजे खर्च. उजव्या बाजूला असेल तर मिळालेलं, म्हणजे उत्पन्न. 'व्याज' आणि 'सूट' यांचंही तेच. फोटोत एक बाजू कापली गेली, तर हे कळायला मार्गच उरत नाही.

गाडीभाड्याचा पेच आणखी बारीक आहे. माल दुकानात आणण्याचं भाडं हा खरेदीचाच भाग. गिऱ्हाइकाकडे माल पोचवण्याचं भाडं हा विक्रीचा खर्च, म्हणून तो 'इतर खर्चा'त जातो. आपल्या दुकानाच्या पहिल्या पत्रकात माल आणण्याचं १ लाख भाडं वरच्या व्यापार खात्यात आहे. दुसऱ्या पत्रकात 'गाडीभाडं व हमाली' असे १ लाख २० हजार खाली, पगार आणि दुकानभाड्याच्या रांगेत बसले आहेत. बिलं पाहिली तर हा खर्चही माल आणण्याचाच निघतो.

तो वर, खरेदीच्या गटात नेला की चित्र बदलतं. दुसऱ्या वर्षी खरेदी ४४ लाख, भाडं १ लाख २० हजार, आणि साठा १० लाखांवरून ९ लाखांवर आल्यामुळे आणखी १ लाख. विकलेल्या मालाची किंमत झाली ४६ लाख २० हजार. ढोबळ नफा ११ लाखांचा ९ लाख ८० हजार झाला, म्हणजे विक्रीच्या साडेसतरा टक्के. गेल्या वर्षीच्या १८ टक्क्यांपेक्षा कमीच. निव्वळ नफ्यात या हलवाहलवीने एका रुपयाचाही फरक पडत नाही. पहिल्या वर्षी तो ३ लाख होता, दुसऱ्या वर्षी ३ लाख २० हजारच राहतो. म्हणूनच ही चूक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

काही शीर्षकं मात्र फोटोवरून सुटतच नाहीत. दुसऱ्या वर्षी 'बँक व्याज व शुल्क' ९०,००० एकत्र छापलेत, पहिल्या वर्षी नुसतं व्याज ६०,००० आहे आणि बँकेचं शुल्क बहुधा 'दुकान खर्चा'त मिसळलंय. इथे अंदाजाने वाटणी करू नये. खातेवही किंवा बँकेचं विवरण मागवावं. ते मिळेपर्यंत त्या ओळीपुढे 'तुलना होत नाही' असं स्पष्ट लिहावं.

कोणतं शीर्षक कोणत्या गटात आणि का, याची यादी जपून ठेवा आणि पुढच्या वर्षी तीच वापरा. गट बदलावा लागला, तर मागचं वर्षही त्याच नियमाने पुन्हा मांडा. तसं केल्याशिवाय दोन वर्षांच्या टक्क्यांवरून भाव वाढवण्याचा किंवा सवलत देण्याचा निर्णय घेऊ नका.