दहाला तीन, तरी मोठा वाटा कुणाचा?

२७ मार्च २०२२ रोजी पीव्हीआर आणि आयनॉक्स लेझर या देशातल्या दोन मोठ्या मल्टिप्लेक्स कंपन्यांनी विलीनीकरण जाहीर केलं. आयनॉक्सच्या भागधारकाला त्याच्याकडच्या प्रत्येक १० शेअर्समागे पीव्हीआरचे ३ शेअर मिळणार होते. शेअर अदलाबदलीच्या या प्रमाणाला बाजारात ‘स्वॅप रेशो’ म्हणतात. दहा देऊन तीन घ्यायचे, म्हणजे पीव्हीआरने आयनॉक्सला गिळलं, असाच पहिला ग्रह होतो. तो चुकीचा आहे.

मुळात हे प्रमाण दोन कंपन्यांचं नसतं, त्यांच्या एकेका शेअरचं असतं. त्या सुमारास पीव्हीआरचा शेअर १,८०० रुपयांच्या आसपास होता आणि आयनॉक्सचा ४७० च्या आसपास. म्हणजे ४,७०० रुपयांचे दहा शेअर देऊन आयनॉक्सवाल्याला ५,४०० रुपयांचे तीन मिळत होते. ‘तीन’ हा आकडा दिसायला लहान असला, तरी बाजारभावाने पाहता सौदा आयनॉक्सच्या बाजूने झुकलेला होता.

पण मालकी कुणाकडे जाणार, हे भावावरूनही कळत नाही. त्यासाठी प्रत्येक कंपनीचे एकूण शेअर किती, हे पाहावं लागतं. पीव्हीआरचे सुमारे ६.१ कोटी शेअर होते, आयनॉक्सचे त्याच्या दुप्पट, सुमारे १२.२ कोटी. दहाला तीन या हिशेबाने आयनॉक्सच्या भागधारकांसाठी पीव्हीआरने जवळपास ३.७ कोटी नवे शेअर काढायचे होते. जुने ६.१ आणि नवे ३.७ मिळून ९.८ कोटी. त्यातला आयनॉक्सकडून आलेल्यांचा वाटा साधारण ३८ टक्के, पीव्हीआरच्या जुन्या भागधारकांचा ६२ टक्के. पीव्हीआरवाल्यांचे शेअर संख्येने तेवढेच राहिले, फक्त ते आता मोठ्या बेरजेचा भाग झाले.

इथे थांबलं तर कंपनी पीव्हीआरवाल्यांकडेच राहिली असं वाटेल. खरी गंमत पुढच्या पायरीत आहे. ते ६२ टक्के काही एका हातात नव्हते. पीव्हीआरच्या प्रवर्तकांकडे, म्हणजे बिजली कुटुंबाकडे, आधी सुमारे १७ टक्केच शेअर होते. बाकीचे म्युच्युअल फंड, परदेशी गुंतवणूकदार आणि सामान्य लोकांत विखुरलेले. उलट आयनॉक्सच्या जैन कुटुंबाच्या गटाकडे त्यांच्या कंपनीचे सुमारे ४४ टक्के होते. आता ६२ टक्क्यांचे १७ टक्के काढा, साडेदहाच्या आसपास येतात. ३८ चे ४४ टक्के काढा, साडेसोळाच्या पुढे जातात. कंपन्यांनी जाहीर केलेले आकडेही हेच सांगत होते : पीव्हीआरचे प्रवर्तक १०.६२ टक्के, आयनॉक्सचे १६.६६ टक्के. ज्यांच्या कंपनीचं अस्तित्व संपलं, तेच नव्या कंपनीचे सर्वांत मोठे प्रवर्तक ठरले.

तरी कारभार त्यांच्याकडे गेला नाही. अजय बिजली व्यवस्थापकीय संचालक झाले, पवनकुमार जैन बिनकार्यकारी अध्यक्ष, आणि दहा जणांच्या संचालक मंडळावर दोन्ही कुटुंबांना दोन-दोन जागा ठरल्या. माझ्या मते या सौद्याचा खरा तोल याच वाटणीत आहे. सोळा टक्क्यांवर एकट्याच्या बळावर कुणी कंपनी चालवू शकत नाही, म्हणून कोण चालवणार हे करारातच लिहून घ्यावं लागलं. स्वॅप रेशो मालकी सांगतो, सत्ता सांगत नाही.

एका बाबतीत मात्र हा हिशेब फसतो : एका कंपनीकडे दुसरीचे शेअर आधीपासून असतील तर. एचडीएफसी आणि एचडीएफसी बँक १ जुलै २०२३ रोजी एक झाल्या, तेव्हा एचडीएफसीच्या २५ शेअर्सना बँकेचे ४२ शेअर मिळाले. पण एचडीएफसीकडे स्वतःकडेच बँकेचे सुमारे २१ टक्के शेअर होते. विलीनीकरणानंतर बँक आपल्याच शेअर्सची मालक होऊ शकत नाही, म्हणून ते रद्द झाले. ही वजाबाकी विसरलात तर एचडीएफसीच्या भागधारकांचा वाटा ३६ टक्के दिसतो. प्रत्यक्षात तो ४१ टक्के होता.

तुमच्याकडच्या एखाद्या कंपनीचं विलीनीकरण जाहीर झालं, तर शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर तिने दिलेली योजनेची कागदपत्रं उघडा आणि विलीनीकरणाआधीचा व नंतरचा भागधारणेचा तक्ता शोधा. त्यात प्रवर्तकांचा रकाना वेगळा असतो. मतदानाआधी तो रकाना वाचाच.