पंचवीस टनांचा प्रेस : बोअर, पंप आणि मोटर यांचा हिशेब

मागच्या काही भागांखाली इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकठिकाणच्या लोकांनी एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत लिहिली आहे. छोट्या वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेस बनवून घेतला, टन मिळतात, पण रॅम गोगलगायीसारखा चालतो. मग कोणीतरी सांगतं, "प्रेशर वाढवा." रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवला जातो. रॅमचा वेग तसाच राहतो, आणि काही दिवसांनी फ्रेमच्या वेल्डिंगला तडा दिसतो.

सैन्यात ईएमईच्या वर्कशॉपमध्ये माझी बरीच वर्षं गेली. तिथे प्रेससमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक जवानाला आम्ही आधी एकच गोष्ट पक्की करून देत असू : जोर प्रेशरमधून येतो, वेग तेलाच्या प्रवाहातून येतो, आणि या दोन्हींचं बिल मोटर भरते. आज एक प्रेस शून्यापासून मांडू, म्हणजे हे वाक्य आकड्यांत दिसेल.

आधी काम, मग टन

समजा, ट्रॅक्टर ट्रॉलीचे ब्रॅकेट बनवायचे आहेत. ५ मिमी जाडीच्या साध्या माइल्ड स्टीलच्या पट्टीत ३० मिमी व्यासाचं भोक पंच करायचं आहे. याच प्रेसवर अधूनमधून बुश आणि बेअरिंगही दाबायचे आहेत, म्हणून स्ट्रोक २५० मिमी ठेवू.

पंच करताना जो पत्रा कापला जातो, त्याचं क्षेत्रफळ म्हणजे भोकाचा परीघ गुणिले जाडी. परीघ ३.१४ × ३० = ९४ मिमी. त्याला ५ ने गुणलं की ४७० चौरस मिमीच्या आसपास. माइल्ड स्टील कातरायला दर चौरस मिमीला सुमारे ४० किलो जोर धरला, तर ४७० × ४० = १८,८०० किलो, म्हणजे जवळजवळ १९ टन. पंचची धार बोथट होते, पट्टी कधी कडक निघते, म्हणून वर ३० टक्के ठेवा. २५ टन झाले. कोणी "पन्नास टनाचा घ्या, पुढे कामाला येईल" म्हणालं तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवा. जास्तीच्या टनांची किंमत फ्रेम, सिलिंडर आणि वेग या तिन्हींत मोजावी लागते.

टनांपासून बोअरपर्यंत

बाजारात गेज बहुधा किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असतो, आणि कारागीर त्याला नुसतं "किलो" म्हणतात. "दोनशे किलो प्रेशर" म्हणजे पिस्टनच्या दर चौरस सेंटिमीटरवर २०० किलोचा दाब. साध्या गिअर पंपाला २०० किलोपर्यंत चालवणं ही नेहमीची गोष्ट आहे. आपणही तेवढंच धरू.

२५ टन म्हणजे २५,००० किलो. भागिले २००, म्हणजे १२५ चौरस सेंमी क्षेत्रफळाचा पिस्टन हवा. सहज मिळणारा बोअर १२५ मिमीचा. त्याचं क्षेत्रफळ ०.७८५ × १२.५ × १२.५ = सुमारे १२३ चौरस सेंमी. २०० किलोला जोर येतो २४.६ टन. आपलं काम भागलं. रॉड ७० मिमीचा घेऊ. त्याचं क्षेत्रफळ ३८.५ चौरस सेंमी, म्हणून रॉडच्या बाजूला तेलाला दाबायला जागा उरते ८४ चौरस सेंमीच. हा ८४ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथे एक गैरसमज मोडायला हवा. पंप प्रेशर तयार करत नाही, पंप तेल ढकलतो. त्या तेलाला वाटेत जेवढा अडथळा, तेवढं प्रेशर गेजवर दिसतं. रॅम रिकामा खाली येताना गेज १०-१५ किलोच दाखवेल. पंच पत्र्याला टेकला की काटा चढेल, आणि १९ टनांच्या कामाला तो १५५ किलोच्या आसपास जाऊन परत पडेल. रिलीफ व्हॉल्व्ह २०० ला लावला आहे म्हणून काटा २०० ला जाईलच असं नाही. ती वरची मर्यादा आहे, त्यापलीकडचं तेल टाकीत परत जातं.

वेग कुठून येतो

वेग म्हणजे मिनिटाला येणारं तेल भागिले क्षेत्रफळ. समजा, पॉवर पॅकमध्ये ८ लिटर प्रति मिनिटाचा पंप आहे. ८ लिटर म्हणजे ८,००० घन सेंमी. भागिले १२३, म्हणजे मिनिटाला ६५ सेंमी, सेकंदाला साधारण ११ मिमी. २५० मिमी खाली यायला २३ सेकंद. वर जाताना तेल ८४ चौरस सेंमीच्या बाजूला जातं, म्हणून १६ सेकंद. एका भोकामागे ३९ सेकंद नुसती रॅमची वाट पाहण्यात जातात.

या सगळ्या हिशेबात प्रेशर कुठेच आलं नाही, हे पाहिलंत? म्हणूनच रिलीफ व्हॉल्व्ह आवळून वेग वाढत नाही. आवळल्याने वाढते ती फ्रेमवर येऊ शकणारी ताकद. रिलीफ २८० किलोला नेला, तर हाच १२५ चा सिलिंडर ३४ टन देऊ लागतो. फ्रेम, बोल्ट, होज सगळं २५ टनांच्या हिशेबाने केलेलं. रोजच्या पंचिंगला काही जाणवणार नाही, कारण काटा तिथवर जातच नाही. ज्या दिवशी पंच वाकडा बसेल किंवा बुश अडकेल, त्या दिवशी ते ३४ टन फ्रेमवर येतील आणि समोर माणूस उभा असेल.

मोटरचं बिल

मोटरचा हिशेब सोपा आहे. लिटर गुणिले किलो, भागिले ६१२, म्हणजे किलोवॅट. ८ × २०० ÷ ६१२ = २.६. पंपाची स्वतःची झीज-गळती धरून ०.८५ ने भागा, ३.१ किलोवॅट. म्हणजे चार एचपीच्या थोडं वर, मोटर पाच एचपीची घ्यावी लागेल. वेग दुप्पट हवा म्हणून १६ लिटरचा पंप लावला, तर मोटर दहा एचपीची. छोट्या वर्कशॉपचं वीज कनेक्शनच तेवढं नसतं.

आता जरा विचार करा. २५० मिमीच्या प्रवासात खरा जोर किती अंतर लागतो? पत्रा ५ मिमीचा आहे. उरलेलं अंतर रॅम हवेत फिरतो. हवेत फिरायला जोर नको, वेग हवा. पत्र्यात शिरताना वेग नको, जोर हवा. एकाच पंपाकडून दोन्ही मागितलं की मोटर फुगते.

एका मोटरवर दोन पंप

यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे दुहेरी पंप. एकाच मोटरच्या शाफ्टवर एक मोठा आणि एक लहान पंप. मोठा १४ सीसीचा, लहान २.८ सीसीचा. सीसी म्हणजे एका फेरीत ढकललेलं तेल. मोटर १,४४० फेऱ्यांची असेल तर मोठा साधारण २० लिटर देतो, लहान ४ लिटर. मोठ्या पंपाला अनलोडिंग व्हॉल्व्ह लावतात आणि तो ४० किलोला सेट करतात. प्रेशर ४० च्या खाली असेपर्यंत दोन्ही पंपांचं २४ लिटर तेल सिलिंडरमध्ये जातं. पंच पत्र्याला टेकला, प्रेशर ४० पार झालं, की मोठ्या पंपाचं तेल जवळजवळ विनादाब टाकीत परततं आणि लहान पंप एकटा २०० किलोपर्यंत दाबतो. दोन्ही पंपांच्या मध्ये चेक व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर लहान पंपाचं तेलही त्याच वाटेने टाकीत पळेल.

आता मोटर मोजू. वेगाच्या टप्प्यात २४ × ४० ÷ ६१२, भागिले ०.८५, म्हणजे १.८५ किलोवॅट. जोराच्या टप्प्यात ४ × २०० ÷ ६१२, भागिले ०.८५, म्हणजे १.५५ किलोवॅट, आणि मोठा पंप रिकामा फिरवायला थोडं वर. तीन एचपीची, म्हणजे २.२ किलोवॅटची मोटर पुरते.

वेळ पाहा. पहिले २२० मिमी सेकंदाला साधारण ३२ मिमीने, सात सेकंद. शेवटचे ३० मिमी सावकाश धरले तरी साडेपाच सेकंद. वर जायला सव्वापाच. एकूण १८ सेकंदांच्या आत. पाच एचपीवर ३९ सेकंद लागत होते, तीन एचपीवर निम्म्याहून कमी. टन तेवढेच.

हे करताना एक जागा बहुतेकांकडून सुटते. रॅम वर जाताना रॉडच्या बाजूला २४ लिटर आत जातं, पण पिस्टनच्या मोठ्या बाजूने बाहेर पडतं २४ × १२३ ÷ ८४, म्हणजे ३५ लिटर. डायरेक्शन व्हॉल्व्ह, परतीचा पाइप आणि रिटर्न फिल्टर या ३५ लिटरवर निवडा. २४ वर निवडले, तर परतीत तेल कोंडतं आणि प्रेशर ४० पार जाऊन मोठा पंप मध्येच अनलोड होतो. रॅम खाली झपकन, वर मात्र रखडत जात असेल, तर आधी इथेच पाहा.

प्रेस आधीच आहे, त्याचं काय?

मोबाइलच्या स्टॉपवॉचने २०० मिमीचा रिकामा प्रवास मोजा आणि वरच्या सूत्राने येणाऱ्या वेळेशी ताडून पाहा. रिकामा वेगच कमी असेल, तर तेल कमी येतंय : पंप झिजलाय, सक्शनची जाळी तुंबलीय किंवा टाकीत तेल कमी आहे. रिकामा वेग बरोबर, पण जोर लागताच रॅम थबकतो आणि काटा चढत नाही, तर तेल कुठून तरी पळतंय. मग संशय तिघांवर : रिलीफ व्हॉल्व्ह, पंप आणि पिस्टनचं सील.

सील तपासायला रॅम जाड ठोकळ्यावर टेकवा, मोटर बंद करा, दोन्ही बाजूंचं प्रेशर उतरल्याची खात्री करा. रॉडच्या बाजूचा होज सोडून पोर्टखाली ट्रे ठेवा, सुटलेल्या होजला प्लग लावा. रिलीफ १०० किलोपर्यंत कमी करून पिस्टनच्या मोठ्या बाजूला दाब द्या, पोर्टपासून दूर उभे राहा. सुरुवातीचं थोडं तेल सोडून द्या. त्यानंतरही सलग धार चालू राहिली, तर सील गेलं. पोर्ट कोरडा असेल, तर सिलिंडर खोलू नका, दोष पंपात किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे.

आणि रिलीफ व्हॉल्व्ह फ्रेमच्या टनांवर एकदा सेट झाला, की लॉकनट आवळून त्यावर रंगाचा ठिपका द्या. कोणी हात लावला, तर दुसऱ्या दिवशी दिसेल.