आजीबरोबर पत्रीला: औषधी वनस्पती ओळखण्याचे धडे

औषधी वनस्पती ओळखणे हे गावाकडे वहीपाटीवर शिकवले जात नाही. गुरे सोडताना, सरपण आणताना आणि विशेषतः गणपतीच्या आधी पत्री गोळा करताना मुले ते मोठ्यांच्या मागून चालत शिकतात. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींत तुळस, बेल, दूर्वा, माका, आघाडा यांच्याबरोबर धोत्रा, कण्हेर आणि रुई या विषारी वनस्पतीही आहेत. त्यामुळे पत्री आणायला निघालेल्या मुलाला उपयोगी पान आणि घातक पान एकाच दिवशी, एकाच परडीत ओळखावे लागते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका मावळी गावात, भाद्रपदातल्या एका सकाळी नऊ वर्षांच्या नातीला घेऊन निघालेल्या आजीची ही गोष्ट अशाच शिकवणीची आहे.

वाट छोटीच आहे. घराच्या कुंपणापासून लिंबाच्या झाडापर्यंत, तिथून पडीक माळावर, मग भातखाचरांच्या बांधावरून ओढ्याकडे. निघण्यापूर्वी आजीने घातलेला नियम एका वाक्याचा आहे. "आधी बघायचं, मग हात लावायचा, मग वास घ्यायचा, तोंडात मात्र काही म्हणजे काही घालायचं नाही." या क्रमाला कारण आहे. दुरून पाहण्यात धोका नसतो, हात लावण्यात थोडा असतो आणि चव घेण्यात सर्वांत जास्त. रुईचा चीक लागलेले बोट डोळ्याला लावले तरी डोळ्याला इजा होते, म्हणून पान खुडल्यावर हात धुवायचे हेही त्याच नियमात येते.

पहिला मुक्काम कुंपणावरच्या अडुळशाचा. अडुळसा कुंपणाला लावतात कारण गुरे त्याला तोंड लावत नाहीत. भाद्रपदात त्याला फुले नसतात. जांभळट रेषांची पांढरी फुले हिवाळ्यात येतात, त्यामुळे आजी ओळख पानावरूनच देते. पाने समोरासमोर जोडीने येतात, दोन्ही टोकांना निमुळती असतात आणि चुरडली की उग्र वास येतो. "फूल आल्यावर परत दाखवीन," असे सांगून ती पुढे निघते. तेच झुडूप दुसऱ्या ऋतूत पुन्हा पाहिल्याशिवाय ओळख पुरी होत नाही, हा शिकवणीचाच भाग आहे.

अडुळशाचे ताजे पान नुसते ठेचले तर रस जेमतेम निघतो. म्हणून पाने तव्यावर गरम करून किंवा वाफवून पिळतात आणि तो रस खोकल्यावर मधातून देतात. अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे आधुनिक औषध पुढे आले. मात्र अडुळशाने गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते, म्हणून गरोदर बाईला तो देत नाहीत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधही देऊ नये. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला अडुळशावर न सोपवता क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते.

लिंबाच्या झाडावर गुळवेल चढलेली आहे. नातीला ती बदामी आकाराच्या पानावरून लगेच ओळखता येते आणि आजी नेमकी तिथेच तिला थांबवते. बदामी पानांच्या वेली रानात कितीतरी असतात, म्हणून पान ही फक्त पहिली खूण. दुसरी खूण खोडाची. त्यावरची साल कागदासारखी पातळ असते, नखाने सहज सुटते आणि आत हिरवा रंग दिसतो. तिसरी खूण वरून लोंबणाऱ्या दोऱ्यासारख्या मुळांची. आजी अंगठ्याएवढ्या जाडीचे खोड विळ्याने आडवे कापते. काप चाकासारखा दिसतो, मधून कडेकडे आरे गेलेले. चीक येत नाही. या चारही खुणा जुळल्या, तरच ती गुळवेल.

एवढी कसून पारख करण्याचे कारण या वेलीची एक जवळची बहीण आहे. तिचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा क्रिस्पा, तर गुळवेलीचे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. क्रिस्पाच्या खोडावर दाट, उठून दिसणाऱ्या गाठी असतात आणि कापल्यावर दुधासारखा स्राव येतो. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. मुंबईत सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचा अहवाल 2021 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा चुकीची वेल वापरली गेली असावी असे आयुष मंत्रालयाने म्हटले आणि पुढे दोन्ही वेलींमधले फरकही जाहीर केले. मात्र त्यानंतर अनेक रुग्णालयांतल्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात खऱ्या गुळवेलीचाही संबंध दाखवला गेला. तेव्हा वेल अचूक ओळखली म्हणून ती रोज आणि कितीही प्यावी असे होत नाही. यकृताचा किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार असणाऱ्याने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. काढा चालू असताना भूक मेली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर काढा त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठावा.

पडीक माळावर टाकळा गुडघ्याएवढा वाढला आहे. पावसाच्या सुरुवातीला त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते आणि त्याचे बी वाटून नायट्यावर लावण्याची रीत आहे. टाकळ्यातच रानकासविंदाही उगवतो. दोघांची फुले पिवळी, उंची साधारण सारखी, पानांची ठेवणही एकाच घराण्यातली. आजी नातीच्या दोन हातांत दोन डहाळ्या देते आणि एकाच पानावरच्या पानोळ्यांच्या जोड्या मोजायला सांगते. टाकळ्याला तीन जोड्या आणि प्रत्येक पानोळे टोकाला गोलसर. कासविंद्याला चार किंवा पाच जोड्या आणि टोक अणकुचीदार. शेंगांतही फरक आहे. टाकळ्याची शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकलेली असते, तर कासविंद्याची चपटी आणि कडेने फिकट. जोड्या मोजणे नातीला इतके आवडते की ती पुढच्या दहाबारा रोपांवर स्वतःच निवाडा करत जाते. जिथे पान किडीने खाल्ले आहे तिथे मोजणी चुकते. मग त्याच रोपाचे दुसरे, अखंड पान शोधायचे, हे आजी तिथेच दाखवून देते.

हा फरक न कळल्याची किंमत मोठी असू शकते. पश्चिम उत्तर प्रदेशात कित्येक वर्षे हिवाळ्याच्या सुमारास लहान मुलांना उलट्या, बेशुद्धी असा आजार होऊन ती दगावत. तो मेंदूज्वर समजला जाई. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचे कारण दाखवले: मुलांनी खेळता खेळता कासविंद्याचे बी खाल्ले होते आणि त्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर घाला घातला होता. शेंगा धरण्याच्या दिवसांत मुलांना हे रोप दाखवून ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते.

खाचराच्या बांधावर, पाणी झिरपते तिथे, माका जमिनीलगत पसरला आहे. त्याची ओळख सर्वांत सोपी आणि मुलांना सर्वांत नवलाची वाटणारी. त्याचे देठ चुरडून बोटावर चोळले की रस थोड्याच वेळात काळा पडतो. केसांच्या तेलात माका उकळतात तो हाच. बांधाच्या कोरड्या बाजूला एकदांडी उगवते. काही गावांत तिला दगडी पाला, तर कुठे कंबरमोडी म्हणतात. माक्याची पांढरी फुले बारीक आणि पानांच्या बेचक्यात असतात. एकदांडीला लांब, उघड्या दांड्यावर एकच फूल येते, मध्ये पिवळे आणि कडेला थोड्याच फिकट पाकळ्या. तिचा रस काळा पडत नाही.

एकदांडीचा पाला चोळून किरकोळ खरचटल्यावर लावतात. ही वनस्पती मुळात उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतून आलेली, म्हणजे आजीच्या पूर्वजांनी ती नव्याने पारखून आपल्या औषधांत घेतली. पण पाला लावण्याआधी जखम स्वच्छ पाण्याने धुवावी लागते. जखम खोल असेल, तिच्यात माती गेली असेल किंवा गंजलेले पाते लागले असेल, तर पाल्यावर न थांबता धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला हवे.

ओढ्याकाठच्या झुडपावर गुंजेचा वेल आहे. चिंचेसारखी पाने आणि गेल्या वर्षीच्या, उलून पीळ पडलेल्या शेंगांत काळ्या डोळ्याची लाल बी. सोनार पूर्वी याच बीने सोने तोलत. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. गुंजेचा पाला चवीला गोड असतो आणि घसा बसला की तो चघळतात. बी मात्र अतिशय विषारी. कठीण सालीमुळे अख्खे गिळलेले बी कधी कधी तसेच पडून जाते, पण चावलेले किंवा भोक पाडलेले बी जिवावर बेतू शकते. त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून मूल बरे दिसत असले तरी वाट पाहू नये. उरलेले बी किंवा वेलाचा तुकडा बरोबर घेऊन तडक दवाखान्यात जावे. या एका वेलाने नातीला दिवसाचा सर्वांत अवघड धडा मिळतो. वनस्पती चांगली की वाईट असे नसतेच. तिचा कोणता भाग, किती आणि कोणासाठी, हे पाहावे लागते.

परतीच्या वाटेवर उजळणी होते, तीही उलट्या बाजूने. आजी नाव सांगत नाही आणि पानही दाखवत नाही. "माक्यासारखा दिसतो पण माका नाही, तो कुठला?" असे विचारते. नात एकदांडी दाखवते. टाकळ्यातून कासविंदा वेगळा काढते. गुळवेलीपाशी मात्र ती पान पाहून हो म्हणते आणि खोड कापायचे विसरते, म्हणून गुळवेल उद्यावर राहते.

आजीची ही परीक्षा घरी कोणालाही घेता येईल. एखाद्या वनस्पतीचे नाव सांगता आले म्हणजे ओळख झाली असे समजू नये. तिच्यासारखे दिसणारे फसवे रोप कोणते आणि ते कोणत्या खुणेने वेगळे, हे शेतात उभे राहून दाखवता आले तरच ती पक्की. तोवर पान पाहावे, हुंगावे, वहीत दाबून त्याखाली गावातले नाव आणि महिना लिहून ठेवावा, पण औषध म्हणून वापरू नये.