उशिराच्या मेलची दुरुस्ती

भोसरीच्या एमआयडीसीत पत्र्याचे ब्रॅकेट बनवणारा एक छोटा कारखाना आहे, असे समजू. सोमवारी, 6 तारखेला, जुन्या ग्राहकाचा मेल येतो. त्याला 500 ब्रॅकेट हवे आहेत, या वेळी पावडर कोटिंगसह. त्याचे दोन प्रश्न आहेत: सुधारित दर काय, आणि माल कधी मिळेल? मेल वाचला जातो आणि कोटिंगवाल्याचा भाव आला की उत्तर द्यायचे ठरते. तो भाव गुरुवारी येतो. शुक्रवारी कार्यालयातले कुणीतरी घाईघाईने हा मजकूर लिहिते:

"आदरणीय महोदय, सर्वप्रथम उशिरा उत्तर देत असल्याबद्दल आपली मनःपूर्वक क्षमा मागतो. गेल्या आठवड्यात कामाचा खूप लोड होता, त्यात आमचे अकाउंटंट रजेवर होते आणि आपला मेल स्पॅममध्ये गेल्यामुळे पाहण्यात आला नाही. यामुळे आपली काही गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत. दराबद्दल लवकरात लवकर कळवतो. कृपया राग मानू नये. पुन्हा एकदा क्षमस्व."

भाषा नम्र आहे, शुद्धलेखनही ठीक आहे. तरीही हा मजकूर ग्राहकाच्या हाती पडला की तो सोमवारी होता तिथेच राहतो. दर कळला नाही, तारीख कळली नाही. चार दिवस थांबल्यावर त्याला तीनदा माफी मिळाली, तीन कारणे मिळाली आणि आणखी थांबायची सूचना मिळाली. म्हणून या मेलची दुरुस्ती शब्दांपासून सुरू करून भागत नाही. त्यात काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे आधी ठरवावे लागते.

माफीत नेमके कशाला वजन असते, यावर अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी माफीचे सहा भाग पाडले: खेद व्यक्त करणे, काय बिघडले ते सांगणे, जबाबदारी घेणे, पुन्हा असे होणार नाही असे सांगणे, नुकसान भरून देण्याची तयारी दाखवणे आणि क्षमेची याचना करणे. सहभागी लोकांसमोर ठेवलेला प्रसंगही ग्राहकाचाच होता. एका हिशेबनिसाने आधीच्या नोकरीत ग्राहकाचे करविवरण चुकीचे भरले होते आणि आता तो नवी नोकरी मागत होता. त्याची कोणती माफी पटते, असे लोकांना विचारले गेले. सर्वांत जास्त वजन जबाबदारी घेण्याला मिळाले, त्याखालोखाल भरपाईच्या तयारीला. सर्वांत कमी महत्त्व ठरले क्षमा करा या विनवणीला.

आता भोसरीचा मजकूर या मापाने पाहिला तर गोष्ट उलटी दिसते. खेद आहे, विनवणी आहे, कारणे तर भरपूर. जबाबदारी मात्र कामाच्या लोडवर, अकाउंटंटवर आणि स्पॅमवर वाटून टाकली आहे, आणि भरपाई म्हणजे इथे खुद्द उत्तर, तेच गायब आहे.

दुरुस्तीची सुरुवात पहिल्या ओळीपासून करू. माफी एकदाच, एका वाक्यात मागावी आणि उशीर किती झाला ते स्पष्ट सांगावे. "आपल्या सोमवारच्या मेलला आज शुक्रवारी उत्तर देत आहे. उशीर आमच्याकडून झाला, त्याबद्दल दिलगीर आहे." यात दिवस आले, जबाबदारी आली आणि खेदही आला. "गैरसोय झाली असल्यास" हा शब्दप्रयोग काढून टाकायचा. उत्तरासाठी चार दिवस थांबलेल्या माणसाला गैरसोय झाली की नाही, याबद्दल शंका घेण्यासारखे त्यात काही नसते. "पुन्हा एकदा क्षमस्व" ही शेवटची ओळही जाते. वाचणाऱ्याच्या मनात शेवटची ओळ जास्त राहते. तिथे उशीर न ठेवता पुढचे काम ठेवलेले बरे.

त्यानंतर कारणे. बहुतेक वेळा इथेच मेल बिघडतो. कारण द्यायचे की नाही, हे एका प्रश्नाने ठरते: ते कळल्याने ग्राहकाचा पुढचा निर्णय बदलेल का? अकाउंटंटच्या रजेने काहीच बदलत नाही. कामाच्या लोडने बदलतो, पण वाईट बाजूने. ज्या कारखान्याला मेल वाचायला सवड नाही तो 500 नग वेळेवर कसे देणार, अशी शंका येते. कोटिंगवाल्याचा भाव गुरुवारी मिळाला, ही मात्र उपयोगाची माहिती आहे. ती खरी आहे आणि आजचा दर कच्च्या अंदाजावर दिलेला नाही, हेही त्यातून कळते.

स्पॅमचे निमित्त तर खोटे असेल तर टाळावेच. ते अडचणीत आणते, कारण मेलच्या मागे खुणा राहतात. त्याच ग्राहकाला मंगळवारी दुसऱ्या कामाबद्दल उत्तर गेले असेल किंवा व्हॉट्सॲपवर "मेल पाहिला, कळवतो" असे लिहिले असेल, तर ते निमित्त तिथेच फसते. मेल खरोखर स्पॅममध्ये सापडला असेल तर जरूर सांगावे, पण सोबत उपायही सांगावा: आपला पत्ता आता संपर्कांत जतन केला आहे. जीमेलमध्ये स्पॅमच्या खणातले मेल 30 दिवसांनी आपोआप पुसले जातात, त्यामुळे तो खण अधूनमधून उघडून पाहणे हा कार्यालयाच्या कामाचाच भाग धरायला हवा.

तिसरी दुरुस्ती "लवकरात लवकर" या शब्दांची. ग्राहकाला त्यांचा अर्थ आज संध्याकाळ वाटू शकतो, लिहिणाऱ्याला पुढचा आठवडा. पहिल्या उशिराची माफी मागणाऱ्या मेलमध्येच दुसरा उशीर असा दडून बसतो. त्या जागी तारीख हवी, आणि ती पाळता येईल अशीच हवी.

दर लिहितानाही काळजी लागते, कारण माफीच्या मेलमध्ये दिलेला दर हा औपचारिक प्रस्ताव ठरू शकतो. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 6 नुसार प्रस्तावात मुदत दिली असेल तर ती संपल्यावर, आणि दिली नसेल तर वाजवी काळ उलटल्यावर, प्रस्ताव रद्द होतो. वाजवी काळ म्हणजे किती दिवस, यावर वाद होऊ शकतो, म्हणून दराशेजारी मुदत लिहिणे दोघांच्याही सोयीचे. मेलवरचे बोलणे कच्चे, असेही समजून चालत नाही. बॉक्साइटच्या पाच जहाजांच्या पुरवठ्यावरून ट्रायमेक्स आणि वेदांता यांच्यात वाद झाला, तेव्हा 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेलच्या देवाणघेवाणीतूनच करार पक्का झाल्याचे मानले, वेगळा सहीचा कागद झालेला नसतानाही. लवाद नेमण्यासाठीच्या अर्जावर तो निर्णय झाला होता.

याच कारणाने जबाबदारी घेण्यालाही मर्यादा असते. "उत्तर उशिरा दिले, ही आमची चूक" असे लिहायला हरकत नाही, कारण ते खरेच असते. "आमच्यामुळे तुमचे झालेले सर्व नुकसान आम्ही भरून देऊ" असे मात्र भरात लिहू नये. नुकसानीचा प्रश्न खरोखर उद्भवला असेल तर आधी फोन करावा, मालकाशी आणि गरज पडल्यास वकिलाशी बोलावे आणि मगच लेखी काय द्यायचे ते ठरवावे.

उत्तर जुन्याच मेलला "Reply" करून पाठवायचे. त्यामुळे मागचा पत्रव्यवहार खाली राहतो आणि ग्राहकाला शोधाशोध करावी लागत नाही. नवा मेल उघडून विषयाच्या जागी "माफी" लिहिले तर तो वेगळाच धागा होतो, आणि महिन्याने दर शोधणाऱ्याला "माफी" हा शब्द काही आठवत नाही. सगळ्या दुरुस्त्या करून शुक्रवारचा मेल असा होतो:

"विषय: Re: 500 ब्रॅकेट, सुधारित दर

नमस्कार सर,

आपल्या सोमवारच्या मेलला आज शुक्रवारी उत्तर देत आहे. उशीर आमच्याकडून झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. कोटिंगचा पक्का भाव काल मिळाला, त्यानुसार दर असा:

पावडर कोटिंगसह प्रति नग 148 रुपये, जीएसटी वेगळा. हा दर 30 तारखेपर्यंत कायम राहील.

ऑर्डर मिळाल्यापासून 10 दिवसांत 300 नग आणि त्यानंतर 5 दिवसांत उरलेले 200 नग आपल्या गोदामात पोहोचतील.

रंग मागच्या वेळेसारखा काळाच ठेवायचा का, एवढे कळवावे. बुधवारपर्यंत कळल्यास पावडर त्याच दिवशी मागवू."

खाली नाव, हुद्दा आणि मोबाइल क्रमांक. माफीला दोन छोटी वाक्ये पुरली आणि बाकीचा मेल ग्राहकाच्या कामाचा झाला. शेवटी ग्राहकाला एकच सोपा प्रश्न आहे, ज्याचे उत्तर एका शब्दात देता येते.

कधी शुक्रवारीही दर तयार नसतो. तेव्हा मेल आणखी लहान होतो. दिलगिरीची तीच ओळ, मग "कोटिंगचा भाव अजून आलेला नाही. पक्का दर मंगळवारी दुपारी 3 पर्यंत पाठवतो" आणि माल देण्याबद्दल आज जेवढे सांगता येते तेवढे. खरे तर असा मेल सोमवारीच गेला असता तर शुक्रवारी माफी मागायची वेळच आली नसती. मंगळवारची वेळ दिली की ती कॅलेंडरमध्ये नोंदवायची आणि भाव आला नाही तरी त्या वेळेला काहीतरी कळवायचे. माफीनंतर दिलेली तारीख दुसऱ्यांदा चुकली, तर ती भरून काढायला मेल पुरत नाही.

दुसऱ्या टोकाला, जिथे गरज नाही तिथेही माफी मागितली जाते. लॉरा जियर्ज आणि व्हनेसा बॉन्स यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत आढळले की कामाच्या वेळेबाहेर आलेल्या तातडी नसलेल्या मेलला पाठवणाऱ्याला उत्तर किती लवकर हवे आहे, याचा अंदाज घेणारे लोक तो वाढवूनच घेतात. शनिवारी रात्री आलेल्या साध्या चौकशीला सोमवारी सकाळी उत्तर देताना दिलगिरीची ओळ लिहिली, तर ग्राहकाच्या लक्षातही न आलेला उशीर आपणच त्याला दाखवून देतो. तिथे "आपल्या मेलबद्दल धन्यवाद" म्हणून थेट दर लिहायचा. ग्राहकाने मुदत दिली होती आणि ती चुकली, त्याने आठवण करणारा दुसरा मेल पाठवला, किंवा उत्तरावाचून त्याचे काम अडले, या तीन प्रसंगी मात्र ती ओळ वगळता येत नाही. आठवणीचा मेल आला असेल तर "आपल्याला पुन्हा लिहावे लागले" एवढे शब्द तिच्यात जोडायचे आणि लगेच दराकडे वळायचे.