एकाच गावाचे सहा मजले

डाइक्स्ट्राने 1959 साली प्रसिद्ध केलेली सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची रीत प्रत्येक गावाचं कमीत कमी अंतर एकदा पक्कं करते आणि मग मागे वळून पाहत नाही. टाकीत किती पेट्रोल आहे हे महत्त्वाचं झालं, की इथेच ती फसते.

समजा, टाकी 5 लिटरची, भरलेली, आणि गाडी लिटरमागे 10 किलोमीटर धावते. क ते ख 40 किलोमीटर, ख ते घ 30. पंप फक्त ग गावात. क ते ग 30, ग ते ख 20. थेट गेलं तर ख 40 किलोमीटरवर, पण टाकीत उरतं 1 लिटर. घ गाठता येत नाही. ग मार्गे 50 किलोमीटर पडतात, पण टाकीत 3 लिटर असतं. साधी रीत हे 50 लांबचं म्हणून टाकून देते आणि घ ला रस्ताच नाही म्हणते!

म्हणून प्रत्येक गावाची इमारत करायची: 0 ते 5 लिटर, सहा मजले. गाडी चालली की खालच्या मजल्यावर, पंपावर भरलं की शून्य अंतरात वर. आता ‘ख, 1 लिटर’ आणि ‘ख, 3 लिटर’ ही वेगळी ठिकाणं, आणि तीच जुनी रीत 80 किलोमीटरचा रस्ता काढते.

चार गावांची 24 ठिकाणं झाली. मोजमाप मिलिलिटरमध्ये नेलं, तर वीस हजारांवर! मजले मोठे ठेवायचे असतील, तर खर्च नेहमी वरच्या आकड्याकडे धरावा. नाहीतर कागदावरची गाडी पोचते, खरी वाटेत थांबते.