दुबईतला फ्लॅट आणि रुपयातले हप्ते

दुबईत बांधकाम सुरू असलेला फ्लॅट घेणाऱ्याला विकासक हप्त्यांचं वेळापत्रक देतो. त्यात रकमा दिरहममध्ये लिहिलेल्या असतात, कमाई मात्र रुपयात असते. मग घरात चर्चा सुरू होते: हप्ता येईल तसे रुपये बदलावेत, की सगळे आजच बदलून मोकळं व्हावं? हप्त्यांच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. ‘दर सरासरीत निघेल, अगदी एसआयपीसारखा.’ ही समजूत चुकीची आहे.

एसआयपीत आपण दर वेळी ठरावीक रुपये घालतो, त्यामुळे भाव उतरला की आपोआप जास्त युनिट मिळतात. इथे ठरलेले असतात ते दिरहम. दिरहम स्वस्त झाला म्हणून आपण जास्त घेत नाही आणि महाग झाला म्हणून कमी घेता येत नाहीत. एसआयपीतला सरासरीचा फायदा इथे नाहीच. शिवाय सगळे हप्ते सारखे नसतात. बऱ्याच योजनांत शेवटचा, ताबा घेतानाचा हप्ता सर्वांत मोठा असतो, म्हणून त्या दिवशीचा दर सगळा हिशेब आपल्याकडे ओढतो.

एक उदाहरण करून पाहू. पुण्यातल्या एका जोडप्याने जानेवारी २०२२मध्ये १० लाख दिरहमचा फ्लॅट नोंदवला असं धरा. २० टक्के नोंदणीला, २० टक्के त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, २० टक्के डिसेंबर २०२३मध्ये आणि उरलेले ४० टक्के डिसेंबर २०२४मध्ये ताबा घेताना. त्या त्या वेळी एका दिरहमला साधारण २०.३०, २२.४०, २२.६५ आणि २३.३० रुपये पडत होते. चारही दरांची साधी सरासरी २२.१६ येते. पण शेवटच्या हप्त्याचं वजन दुप्पट आहे. ते धरलं की खरा दर २२.३९ निघतो आणि फ्लॅट सुमारे २ कोटी २४ लाखांना पडतो. साध्या सरासरीवर विसंबून तरतूद केली असती, तर शेवटी सव्वादोन लाख कमी पडले असते.

सगळे दिरहम पहिल्याच दिवशी घेतले असते तर खर्च २ कोटी ३ लाख झाला असता. म्हणजे जवळपास २१ लाखांचा फरक. मात्र हप्ते देणाऱ्याचे उरलेले पैसे इथे ठेवीत होते. कर वजा जाता ४ टक्के साधं व्याज धरलं, तरी त्या तीन वर्षांत जवळपास १४ लाख झाले असते. खरा तोटा सातेक लाखांचा. रुपया एकाच दिशेने घसरत असेल, तर सरासरी कधीच स्वस्त पडत नाही. ती फक्त शेवटच्या दरापेक्षा बरी ठरते. दर खालीवर होत राहिला तर मात्र ती धक्का कमी करते.

मग आजच सगळं बदलावं का? बहुतेकांना ते जमतही नाही. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात आणि १० लाख दिरहम म्हणजे सुमारे २ लाख ७२ हजार डॉलर. एकट्याला मर्यादा ओलांडते, नवरा-बायको दोघांच्या नावाने जमतं. पुढची अडचण १८० दिवसांची. पाठवलेलं परकी चलन तेवढ्या मुदतीत वापरलं किंवा गुंतवलं नाही, तर ते परत आणावं लागतं. तीन वर्षांनंतरच्या हप्त्यासाठी दिरहम नुसते खात्यात ठेवता येत नाहीत. ते आधीच विकासकाला देणं हाच मार्ग उरतो. दुबईत २००७च्या कायद्याने ग्राहकांचे पैसे एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात, तरीही बांधकाम रखडण्याची जोखीम तुमच्याच पदरात पडते. आगाऊ रकमेवर विकासक भरघोस सूट देत नसेल, तर मी हे करणार नाही.

टीसीएसही आहे. आजच्या नियमांनी दरडोई १० लाखांवरच्या रकमेवर २० टक्के कापले जातात. दोघांनी २ कोटी ३ लाख निम्मे-निम्मे पाठवले, तर साडेछत्तीस लाख आणखी भरावे लागतील. ते करात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकून राहतात. हप्त्यांत दर वर्षी नवी सूट मिळते आणि अडकणारी रक्कम विभागली जाते.

व्यवहार्य वाट मधली आहे. ताब्याची तारीख नक्की झाली की त्याआधीच्या पाच महिन्यांत मोठ्या हप्त्याचे दिरहम तीन-चार वेळा थोडे थोडे घ्यावेत. त्यासाठी परदेशात स्वतःच्या नावाचं खातं हवं. प्रत्येक वेळी बँकेचा दर तपासावा. दिरहम १९९७पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून त्या दिवशीच्या डॉलरच्या बाजारभावाला ३.६७२५ने भागलं की दिरहमचा भाव कळतो. डॉलर ८५.६० असेल तर दिरहम २३.३१. बँक २३.७० सांगत असेल, तर ४ लाख दिरहमच्या हप्त्यावर दीड लाखाहून जास्त रक्कम तिच्या नफ्यात जाते आहे. शाखेत त्यावर घासाघीस करता येते.